“मोठीमायला पेन्शन मिळेल का?”

संध्याकाळी फोनवर एक निरोप येतो: “आमच्या मोठीमायला सरकारी पेन्शन मिळेल का जी? अर्जंट सांगा.” पुढे हात जोडलेलं चित्र, आणि बस्स. सानगडीत अर्ज लिहून देणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला असे निरोप नवे नाहीत. पाठवणारा नागपुरात कामाला, मोठीमाय गावात आणि घाई दोघांनाही. मी उत्तर पाठवतो, “कोणत्या राज्यातली, कोणत्या प्रवर्गातली, उत्पन्न किती, वय किती?” पलीकडून थोड्या रागानं येतं, “गरीब आहे, म्हातारी आहे, अजून काय पाहिजे?”

त्याचा राग मला समजतो. पण “गरीब” आणि “म्हातारी” हे शब्द कोणत्याही अर्जात नसतात. अर्जात एक आकडा असतो, एक तारीख असते आणि एक चौकट असते, जिच्यात खूण करायची. मोठीमाय त्या चौकटीत बसते की नाही, हे कळण्यासाठी चार गोष्टी लागतात, आणि त्यातली एक बदलली की उत्तर उलटतं. पुढचा सगळा लेख या एका मोठीमायला धरून आहे. आपल्या घरातल्या बाईसाठी किंवा बुवासाठी विचारताना तिच्या जागी त्यांना ठेवून वाचा.

आधी राज्य. सानगडीचा माणूस म्हणेल, राज्य काय विचारता, साकोली तालुका, भंडारा जिल्हा, उघड आहे. विचारणाऱ्याला ते उघड असतं, वाचणाऱ्याला नसतं. आपल्याकडच्या सोयरिकी गोंदियावरून बालाघाटपर्यंत आणि तिकडून छत्तीसगडात राजनांदगावपर्यंत गेलेल्या आहेत. त्यामुळे बातम्याही तिकडून येतात. मध्य प्रदेशात २०२३ साली ‘लाडली बहना’ सुरू झाली, छत्तीसगडात २०२४ च्या मार्चपासून ‘महतारी वंदन’, आणि आपल्याकडे २८ जून २०२४ च्या शासन निर्णयानं ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’. तिन्हींत बाईच्या खात्यात महिन्याला पैसे जमा होतात. नावंही बहिणींसारखीच. पण मध्य प्रदेशात वयाची वरची मर्यादा ६० आहे, आपल्याकडे ६५. महतारी वंदन फक्त विवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता बायांसाठी आहे. आपल्या लाडकी बहीणमध्ये कुटुंबातल्या एका अविवाहित मुलीलाही जागा आहे. बालाघाटच्या जावयानं पाठवलेला व्हिडिओ पाहून सानगडीच्या बाईनं कागद गोळा करायला घेतले, तर ते कागद चुकीच्या राज्याचे ठरतात.

राज्याचा दुसरा पेच जुन्या कागदांत आहे. भंडारा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, नंतर मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘मध्य प्रदेश’ लिहिलेलं दिसलं, तर तो माणूस परप्रांतीय ठरत नाही. त्याचा जन्म गावातच झालेला असतो, फक्त गाव तेव्हा त्या राज्यात होतं. तसंच १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. अर्जुनी मोरगावच्या बाईच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा भंडारा आणि आजच्या आधारवर गोंदिया असतो. खिडकीवर कुणी नाव जुळत नाही म्हणून अडवलं, तर ही तारीख सांगता यावी.

तिसरा पेच सासर-माहेरचा. समजा आपली मोठीमाय बालाघाट जिल्ह्यातल्या गावाची, लग्न होऊन सानगडीत आली. निराधार योजनांसाठी लागतो तो महाराष्ट्रातला रहिवास, आणि तो किमान १५ वर्षांचा. चाळीस वर्षं सानगडीत संसार केलेली बाई या अटीत सहज बसते. माहेर कुठलं, हे तिथं कुणी पाहत नाही. पण त्याच घरातली दोन वर्षांपूर्वी आलेली सून विधवा झाली, तर हीच अट तिच्या आड येईल. म्हणून निरोपात राज्य लिहिताना नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहून भागत नाही. ‘सानगडी, ता. साकोली, इथं इतक्या वर्षांपासून’ असं लिहा.

आता प्रवर्ग. या शब्दानं सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण आपल्याकडे प्रवर्ग म्हटलं की लोक जात सांगतात. ‘ढिवर आहोत जी’, ‘कुणबी’, ‘गोंड’. पेन्शनच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न जातीचा नसतो, तो असतो: मोठीमाय विधवा आहे का? अपंग आहे का? की फक्त वृद्ध आहे? संजय गांधी निराधार अनुदान योजनेत येणारी माणसं ठरलेली आहेत: विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अनाथ मुलं, किमान ४० टक्के अपंगत्व असलेली माणसं, कर्करोग किंवा पक्षाघातासारख्या दुर्धर आजाराचे रुग्ण, आणि आणखी काही. नुसता म्हातारा असलेला, बायको जिवंत असलेला, हातपाय धड असलेला ६३ वर्षांचा बुवा या योजनेत कितीही गरीब असला तरी बसत नाही. त्याच वयाची विधवा बसते. म्हणजे ‘म्हातारी आहे’ या वाक्यानं मला जे कळलं नाही, ते ‘मोठेबाबा वारले’ या दोन शब्दांनी कळलं असतं.

मग अर्जात जात का विचारतात? कारण पैसा सरकारात वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून निघतो: सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती. तुमचं नाव कोणत्या शीर्षाखाली जाईल, ते जातीवरून ठरतं. पात्रता त्यावरून ठरत नाही, रक्कमही नाही. कधी शेजारणीचा पैसा आला आणि आपला आला नाही, असं होतं, त्याचं एक कारण हेही असू शकतं: दोघींचे पैसे दोन वेगळ्या शीर्षांतून निघत असतात.

घरकुलाचा प्रश्न असेल, तर जात हाच खरा धागा असतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, इतर मागास वर्गासाठी मोदी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. सानगडीच्या आजूबाजूला तळ्यांवर मासेमारी करणारा ढिवर समाज महाराष्ट्रात भटक्या जमाती ‘ब’ मध्ये आहे. त्याच समाजाच्या बालाघाटकडच्या ढीमर नातेवाइकांना मध्य प्रदेशात इतर मागास वर्गात धरतात. तिकडून लग्न होऊन आलेल्या बाईनं माहेरचा जातीचा दाखला दाखवून इथलं घरकुल मागू नये. जात लग्नानं बदलत नाही, आणि एका राज्याचं आरक्षण दुसऱ्या राज्यात सोबत नेताही येत नाही. १९९० साली सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशावरून आलेल्या खटल्यात हे अनुसूचित जाती-जमातींबाबत स्पष्ट केलं आहे. प्रश्न घरकुलाचा असेल, तर जात आणि दाखला कोणत्या राज्यातून निघाला, दोन्ही लिहा. प्रश्न पेन्शनचा असेल, तर आधी विधवा की अपंग की वृद्ध, ते लिहा.

खरी गाठ उत्पन्नात आहे. इथं मी जरा थांबणार आहे, कारण नाकारलेले बहुतेक अर्ज मला इथंच अडलेले दिसतात.

संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावं लागतं. अपंग व्यक्तीसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. हा आकडा किती लहान आहे, ते रोजगार हमीवरून पाहा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकाच माणसानं ६८ दिवस काम केलं की २१,२१६ रुपये होतात, आणि मर्यादा ओलांडली जाते. सरकारनं शंभर दिवसांची हमी द्यायची आणि अडुसष्टाव्या दिवशी सरकारच्याच दुसऱ्या खिडकीनं ‘तुम्ही आता गरीब नाही’ म्हणायचं, असा तेव्हाचा हिशेब होता. मला तो पटत नाही, पण अर्ज लिहिताना मला पटणं उपयोगाचं नाही.

याच घरातली पासष्टीच्या आतली सून लाडकी बहीणमध्ये आली असेल, तर तिथली मर्यादा अडीच लाखांची आहे आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागितला नाही. लोक हे दोन आकडे एकत्र करतात. “सुनेला मिळते तर सासूला काहून नाही?” एकीला अडीच लाख, दुसरीला एकवीस हजार, म्हणून.

मोठीमायचं उत्पन्न कसं मांडायचं, ते पाहू. समजा तिच्याकडे अर्धा एकर धानाची बांधी आहे. सात क्विंटल धान झालं, आणि सरकारी हमीभाव २०२५-२६ चा, साध्या धानाचा, २,३६९ रुपये धरला, तर १६,५८३ रुपये झाले. त्यातून नांगरणी, खत, रोवणीच्या बायांची मजुरी वजा केली की हाती समजा आठ हजार उरतात. शिवाय दुसऱ्याच्या बांधीत रोवणी आणि कापणीला ती तीस दिवस जाते. २५० रुपयांनी साडेसात हजार. एकूण साडेपंधरा हजार. मर्यादेच्या आत. पण बांधी अर्ध्याऐवजी दीड एकर असती, तर नुसत्या धानाचे चोवीस हजार उरले असते आणि आपण इथंच थांबलो असतो. म्हणून ‘थोडी शेती आहे’ असं लिहू नका. सातबारा काढून तिच्या नावावर किती आर आहे, ते लिहा. एक एकर म्हणजे साधारण ४० आर.

आणि हे उत्पन्न तिचं एकटीचं नाही, कुटुंबाचं धरतात. मुलगा आहे का, तो सानगडीतच एका चुलीवर राहतो की नागपुरात वेगळा, रेशनकार्डावर त्याचं नाव आहे का, तो किती कमावतो, हे तलाठी चौकशीत विचारतो. हे आपणहून लिहा. लपवाल तर ते सहसा दुसऱ्या कागदातून बाहेर येतं. एका घरी असं झालं की आजीच्या निराधारच्या अर्जासाठी वीस हजारांचा दाखला हवा होता, आणि त्याच घरच्या नातवाच्या शिष्यवृत्तीसाठी त्याच वर्षी साठ हजारांचा दाखला निघालेला. रेशनकार्ड एकच, कुटुंब एकच. तहसीलच्या खिडकीवर दोन्ही कागद शेजारी शेजारी आले, आणि पुढचं सांगायला नको. नातू आणि त्याचे आईवडील खरोखर वेगळे राहत असतील, तर आधी रेशनकार्ड वेगळं करून घ्यावं, मग दाखला मागावा. वेगळे राहत नसतील, तर ती वाट धरू नये.

उत्पन्नाच्या जागी एक पर्याय चालतो: दारिद्र्यरेषेखालच्या यादीत कुटुंबाचं नाव असणं. इथं एक नेहमीची फसगत आहे. पिवळं रेशनकार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेची यादी नव्हे. ही यादी ग्रामविकासाच्या सर्वेक्षणातून झालेली वेगळी यादी आहे, तीत कुटुंबाला क्रमांक असतो, आणि तिचा उतारा ग्रामपंचायतीतून मिळतो. निरोपात ‘बीपीएल आहोत’ असं लिहिणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांकडे पिवळं कार्ड असतं, यादीचा क्रमांक नसतो. क्रमांक असेल तर तो लिहा. नसेल तर उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागेल.

राहिलं वय. मोठीमायच्या आधारवर जन्मतारीख आहे ०१/०१. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो, कारण नोंदणीच्या दिवशी कुणालाच तारीख ठाऊक नव्हती आणि वर्षाचा अंदाज बांधून पहिली तारीख टाकली गेली. आता समजा आधारप्रमाणे ती ६३ वर्षांची आहे आणि रेशनकार्डाप्रमाणे ६६. यावर योजनेचं नाव अवलंबून आहे. ६५ च्या आत संजय गांधी निराधार, ६५ पूर्ण झाल्यावर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन. ती विधवा असल्यामुळे दोन्हीकडे बसते. तिचा सख्खा दीर मात्र ६३ चा असेल तर कुठेच नाही, आणि ६६ चा असेल तर श्रावणबाळमध्ये.

वयाच्या पुराव्यासाठी निराधार योजनेत काय चालतं, ते ठरलेलं आहे: ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीतला उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड किंवा मतदार यादीतल्या वयाचा उतारा, आणि यातलं काहीच नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या नसलेल्या सरकारी डॉक्टरचा दाखला. दोन कागदांवर दोन वयं असतील, तर अर्ज करण्याआधी ते मला सांगा. जास्त वय दाखवणारा कागद जोडून कमी वयाचं आधार सोबत दिलं, तर अर्ज तिथंच परत येतो. आधी आधार दुरुस्त करायचं की दुसरा कागद काढायचा, हे ठरवायला तो फरक माहीत असावा लागतो.

वयावरून आणखी एक गोष्ट कळते: पेन्शन मिळाली नाही तरी हाताशी काय आहे. ७० पूर्ण झालेल्या माणसाला आयुष्मान कार्डावर उपचार मिळतात, तिथं उत्पन्न विचारत नाहीत. ७५ नंतर एसटीचा प्रवास महाराष्ट्रात फुकट आहे, तिथं तर वयाशिवाय काहीच विचारत नाहीत. ‘पेन्शन मिळेल का’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तरी वय लिहिलेलं असलं की पुढचं वाक्य लिहिता येतं.

आता त्या नागपूरच्या पुतण्याला मी काय लिहायला सांगितलं, ते देतो. थोडी कुरकुर करून त्यानं दुसऱ्या दिवशी पाठवलं, ते असं:

“मोठीमाय, सानगडी, ता. साकोली. मूळ बालाघाटकडची, लग्नानंतर इथंच, चाळीस वर्षं झाली. विधवा, मोठेबाबा चार वर्षांपूर्वी वारले, मृत्यूचा दाखला आहे. अपंगत्व नाही. शेती २० आर, तिच्या नावावर. मूलबाळ नाही. रेशनकार्ड पिवळं, तिचं एकटीचं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही. आधारवर वय ६३, मतदार यादीत ६४. दुसरी कोणतीही पेन्शन किंवा लाडकी बहीणचे पैसे मिळत नाहीत.”

आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक त्यानं पाठवला नाही, ते बरं केलं. पात्रता सांगायला ते लागत नाहीत, आणि फोनवरून ते कुणालाही पाठवू नयेत. शेवटचं वाक्य मात्र मी मुद्दाम मागितलं होतं. एका माणसाला दोन ठिकाणी पैसे चालत नाहीत. निराधारचे १,५०० घेणारी बाई लाडकी बहीणमध्ये अपात्र ठरते, आणि हे उशिरा लक्षात आलं की आलेले पैसे थांबतात.

एवढ्यावर उत्तर पाच मिनिटांत झालं. संजय गांधी निराधार, विधवा म्हणून. आधार ६३ म्हणतं आणि मतदार यादी ६४. दोन्ही ६५ च्या आत, म्हणून योजना तीच राहते, पण अर्जात एकच वय लिहायचं आणि पुरावा त्याच वयाचा जोडायचा. महिन्याला १,५०० रुपये. यादीत नाव असतं, तर केंद्राची इंदिरा गांधी विधवा पेन्शन लागू झाली असती: केंद्राचे ३०० आणि राज्याचे १,२००, एकूण तेच १,५००. रकमेत फरक नाही, कागदात आहे. त्यामुळे यादीत नाव घालण्याच्या मागे लागू नकोस, असं मी त्याला लिहिलं.

कामं अशी: तलाठ्याकडून उत्पन्नाच्या चौकशीचा अहवाल घेऊन तहसीलदारांचा दाखला काढायचा, आणि तो निराधार योजनेसाठी हवा, असं सांगूनच काढायचा. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, नवऱ्याचा मृत्यू दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार आणि पासबुक. पासबुकाचं खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते आधी बँकेत पाहावं. पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि खातं भलत्याच बँकेशी जोडलेलं असलं की पैसे निघतात पण पासबुकात दिसत नाहीत. अर्ज साकोलीच्या तहसील कार्यालयात संजय गांधी शाखेकडे जातो, मंजुरी तालुका समिती देते. पोच घ्यायची, तारखेसकट. अपात्र म्हणाले, तर कारण लेखी मागायचं, कारण “उत्पन्न जास्त” आणि “रहिवास कमी” यांची दुरुस्ती वेगवेगळ्या टेबलावर होते.

पुतण्यानं विचारलं, “आणि पासष्टचं झाल्यावर?” तेव्हा तिचं नाव श्रावणबाळकडे वर्ग होईल, रक्कम तीच. त्या वर्षी हयातीचा दाखला द्यायला जाताना खिडकीवर फक्त एवढं विचारायचं, की तिची जन्मतारीख त्यांच्या वहीत कोणती लिहिली आहे.